यजमान थर आणि लिथियम पाहुणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या अकरावी-बारावीच्या मुलांना मी रसायनशास्त्र शिकवते. विजेवरच्या स्कूटर घरोघरी दिसू लागल्यापासून मुलांच्या प्रश्नांत त्यांच्या पालकांच्या प्रश्नांचीही भर पडली आहे, आणि त्यांपैकी बहुतेक प्रश्नांचे मूळ एकच असते: लिथियम बॅटरीच्या आत नेमके कुठे जाते आणि तिथे गेल्यावर काय होते. वारंवार येणारे असे प्रश्न आणि त्यांची शक्य तितकी सविस्तर उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

लिथियमला ‘पाहुणा’ आणि ग्राफाइटला ‘यजमान’ का म्हणतात?

ही उपमा आमच्या वर्गात जन्मलेली नाही. घन पदार्थांच्या रसायनशास्त्रात ती रूढच आहे. काही स्फटिक थरांचे बनलेले असतात. प्रत्येक थराच्या आतले बंध भक्कम असतात, पण एका थराला दुसऱ्या थराशी धरून ठेवणारे आकर्षण फारच दुबळे असते. त्यामुळे थर न मोडता त्यांच्या मधल्या फटीत बाहेरचा अणू किंवा आयन शिरू शकतो, राहू शकतो आणि पुन्हा बाहेर पडू शकतो. घर उभेच राहते, फक्त आतली वस्ती बदलते. शिशाच्या आम्ल-बॅटरीत तसे होत नाही. तिथे प्लेटवरचा पदार्थ प्रत्येक वेळी विरघळतो आणि नव्या रूपात पुन्हा साचतो, म्हणजे दर फेरीला घर पाडून नव्याने बांधावे लागते.

ग्राफाइट पाहुण्यांना आत घेते हे १८४०च्या सुमारासच दिसले होते. शाफहॉइटल या जर्मन शास्त्रज्ञाने ग्राफाइट सल्फ्युरिक आम्लात ठेवले, तेव्हा ते फुगले. बॅटरीसाठी या गुणाचा उपयोग मात्र १९७०च्या दशकात सुरू झाला. व्हिटिंगहॅम यांनी १९७६ साली टायटॅनियम डायसल्फाइडचे थर वापरून दाखवले, १९८० साली गुडइनफ यांच्या गटाने लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणले, १९८५ साली योशिनो यांनी दुसऱ्या बाजूला कार्बन ठेवून घट जुळवला आणि १९९१ साली सोनी कंपनीने तो बाजारात आणला. या तिघांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

चार्जिंग करताना लिथियम कुठून निघते आणि कुठे जाते?

नव्या घटातले सगळे उपयोगी लिथियम धन बाजूच्या ऑक्साइडमध्ये असते आणि ग्राफाइट रिकामे असते. चार्जर जोडला की ऑक्साइडच्या थरांतून लिथियमचे आयन बाहेर पडतात, मधल्या द्रवातून पलीकडे जातात आणि ग्राफाइटच्या थरांत शिरतात. प्रत्येक आयनामागे एक इलेक्ट्रॉन ऑक्साइडमधल्या कोबाल्टकडून निघतो आणि बाहेरच्या तारेने ग्राफाइटपर्यंत पोहोचतो. द्रवातून इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाही आणि तारेतून आयन जाऊ शकत नाही, म्हणून दोघांच्या वाटा वेगळ्या राहतात. या वेगळेपणातूनच आपल्याला वीज मिळते. बॅटरी वापरताना हीच वाहतूक उलट दिशेने होते.

ग्राफाइटमध्ये सहा कार्बनमागे एकच लिथियम का मावते?

याचे उत्तर ग्राफाइटचा एक थर जवळून पाहिला की मिळते. कार्बनचे अणू षटकोनांच्या जाळीत बसलेले असतात आणि लिथियम षटकोनाच्या बरोबर मध्यावर, दोन थरांच्या मधल्या जागेत बसते. शेजारच्या षटकोनाचा मध्य फक्त २.४६ अँगस्ट्रॉमवर असतो (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). दोन धनभारित आयनांना इतकी जवळीक सोसत नाही. त्यामुळे लिथियम लगतचा षटकोन सोडून त्यापुढचा निवडते आणि दोन लिथियममधले अंतर ४.२६ अँगस्ट्रॉम होते. अशा मांडणीत दर तीन षटकोनांपैकी एकच भरलेला असतो. प्रत्येक कार्बन तीन षटकोनांत सामाईक असल्यामुळे एका षटकोनाच्या वाट्याला सरासरी दोन कार्बन येतात, आणि तीन षटकोनांचे सहा. म्हणून पूर्ण भरलेल्या ग्राफाइटचे सूत्र LiC6 असे लिहितात.

क्षमतेचा प्रसिद्ध आकडाही इथूनच येतो. सहा मोल कार्बनचे वजन ७२ ग्रॅम असते आणि एक मोल इलेक्ट्रॉन म्हणजे २६.८ अँपिअर-तास. भागाकार केला की एका ग्रॅमला ३७२ मिलिअँपिअर-तास मिळतात. हा आकडा विद्यार्थ्यांनी पाठ करू नये, दर वेळी असाच काढावा, असे मला मनापासून वाटते.

ग्राफाइटचे सगळे थर एकदमच भरू लागतात का?

नाही, आणि या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे. रिकाम्या ग्राफाइटमध्ये दोन थरांतले अंतर ३.३५ अँगस्ट्रॉम असते. लिथियम आत आले की ते ३.७० होते. थर असे दूर सारायला ऊर्जा खर्च होते, कारण त्यांच्यातले आकर्षण दुबळे असले तरी शून्य नसते. मात्र एखादी फट एकदा उघडली की तिच्यात पुढच्या पाहुण्यांना शिरणे स्वस्त पडते. म्हणून लिथियम सगळ्या फटींत थोडे थोडे पसरण्याऐवजी काही निवडक फटी भरते आणि बाकीच्या मिटलेल्याच ठेवते. शिवाय भरलेल्या दोन फटी शेजारीशेजारी असल्या तर त्यांच्यातले धनभार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून भरलेल्या फटी एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात.

याचा परिणाम असा की ग्राफाइट पायऱ्यापायऱ्यांनी भरते. आधी दर चौथी फट भरलेली अशी अवस्था येते, मग दर तिसरी, मग एकाआड एक आणि शेवटी प्रत्येक. या अवस्थांना अनुक्रमे चौथा, तिसरा, दुसरा आणि पहिला टप्पा म्हणतात. क्रमांक उलटे उतरतात हे लक्षात ठेवावे. एकाआड एक फट भरलेल्या अवस्थेचे सूत्र LiC12 आहे. तिथे भरलेली फट ३.७० अँगस्ट्रॉमची आणि रिकामी ३.३५ची असते, म्हणजे सरासरी साधारण ३.५३.

इथे एक हुशार विद्यार्थी हमखास अडतो. दर तिसरी फट भरलेली असताना एकाआड एक भरलेली अवस्था यायची असेल, तर कुठली तरी भरलेली फट पूर्ण रिकामी व्हायला हवी आणि तिच्या शेजारची भरायला हवी. पण लिथियम कार्बनचा थर भेदून वरच्या किंवा खालच्या फटीत जाऊ शकत नाही. मग हे जमते कसे? १९६९ साली दोमा आणि एरोल्ड या फ्रेंच शास्त्रज्ञांनी याचे उत्तर सुचवले. त्यांच्या मते कुठलीच फट पूर्ण रिकामी नसते. प्रत्येक फटीत लिथियमची बेटे असतात, आणि कार्बनचे लवचीक थर त्या बेटांभोवती वाकतात. बेटे आपापल्या फटीतच आडवी सरकतात. त्यामुळे स्फटिकाच्या कुठल्याही लहान भागात पाहिले तर टप्प्याचा क्रम चोख दिसतो, आणि तरीही एकाही पाहुण्याला थर ओलांडावा लागत नाही.

हे टप्पे खरोखर असतात हे कशावरून समजते?

तीन प्रकारे समजते. पहिली खूण व्होल्टेजची आहे. शुद्ध लिथियमच्या तुलनेत मोजले तर ग्राफाइटचे व्होल्टेज सलग उतरत नाही. ते सुमारे ०.२१, ०.१२ आणि ०.०८५ व्होल्टवर रेंगाळते. जिथे रेंगाळते तिथे दोन टप्पे एकाच वेळी नांदत असतात आणि एकाचे दुसऱ्यात रूपांतर चालू असते. शेवटची सपाटी LiC12 पासून LiC6 पर्यंतची असते, म्हणजे ग्राफाइटची जवळजवळ निम्मी क्षमता या एकाच सपाटीवर भरते.

दुसरी खूण क्ष-किरणांची. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण वापरले तर रिकाम्या ग्राफाइटची मुख्य रेषा २६.५ अंशांच्या आसपास दिसते. LiC12 मध्ये ती २५.२ अंशांच्या जवळ येते आणि LiC6 मध्ये २४ अंशांवर. थरांतले अंतर वाढले की कोन कमी होतो, त्यामुळे फट उघडण्याची क्रिया आकड्यांत थेट वाचता येते.

तिसरी खूण म्हणजे रंग. ऑक्सिजन आणि ओलावा नसलेल्या आर्गॉनच्या बंद पेटीत भारित घट उघडला, तर काळपट ग्राफाइटच्या जागी सोनेरी पट्टी दिसते. ते LiC6 असते. अर्ध्या भरलेल्या भागाचा रंग तांबूस असतो आणि त्याहून कमी भरलेला भाग निळसर काळा दिसतो. एकाच पट्टीवर तिन्ही रंग शेजारीशेजारी दिसले, तर भरणे असमान झाले हे यंत्राशिवायही कळते. घरी असा घट कधीही उघडू नये. भरलेले ग्राफाइट दमट हवेत पेटू शकते, आणि आतला द्रव तर ज्वालाग्राही असतोच.

ऑक्साइडमधून लिथियम निघाले की त्याचे थर मिटत असतील ना?

अपेक्षा तशीच असते, पण घडते याच्या उलट, निदान अर्ध्या वाटेपर्यंत तरी. LiCoO2 मध्ये कोबाल्ट आणि ऑक्सिजनचे जाड थर असतात आणि त्यांच्यामध्ये लिथियमचा थर. कोबाल्टच्या एका थरापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर ४.६८ अँगस्ट्रॉम असते. प्रत्येक थराच्या दोन्ही पृष्ठभागांवर ऋणभारित ऑक्सिजन असल्यामुळे समोरासमोरचे थर एकमेकांना दूर लोटतात, आणि मधले धनभारित लिथियम त्यांना बांधून ठेवते. म्हणजे इथे पाहुणाच घराच्या दोन भिंतींना एकत्र धरून असतो. निम्मे लिथियम निघून गेले की हा बंध सैल पडतो आणि अंतर सुमारे ४.८ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढते.

ग्राफाइट पाहुणा आल्यावर उघडते, तर ऑक्साइड पाहुणा गेल्यावर उघडते. या एका फरकातून पुढच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे निघतात.

अर्ध्याच्या पुढे मात्र चित्र पालटते. आणखी लिथियम काढत गेले की ऑक्सिजनवरचा ऋणभार कमी होतो, कारण आता इलेक्ट्रॉन केवळ कोबाल्टकडून न येता काही अंशी ऑक्सिजनकडूनही येऊ लागतात. मग एकमेकांना लोटण्याचा जोर ओसरतो आणि थर झपाट्याने जवळ येतात. सर्व लिथियम काढून मिळणाऱ्या CoO2 मध्ये हेच अंतर ४.२९ अँगस्ट्रॉमपर्यंत घटते, आणि थरांची एकमेकांवरची मांडणीही सरकून वेगळी होते. शेवटच्या टप्प्यातले हे आकुंचन स्फटिकाला सोसत नाही. कणांना बारीक तडे जातात. शिवाय इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन स्फटिक सोडून जाऊ शकतो, आणि मग त्या जागी यजमानाचे घर कायमचे मोडते.

म्हणूनच बॅटरीतले सगळे लिथियम वापरत नाहीत का?

हो, हेच कारण आहे. आकडेमोड करून पाहिली की ते नीट उमगते. ४००० मिलिअँपिअर-तासांचा, ४.२ व्होल्टपर्यंत भरणारा एक घट धरू. ४ अँपिअर-तासांना २६.८ने भागले की ०.१४९ मोल मिळतात, आणि लिथियमचा एक मोल ६.९४ ग्रॅमचा असल्यामुळे ये-जा करणारे लिथियम जेमतेम १ ग्रॅम भरते. LiCoO2 चा एक मोल ९७.९ ग्रॅमचा आहे. त्यातले सगळे लिथियम काढता आले तर ग्रॅमला २७४ मिलिअँपिअर-तास मिळाले असते, पण ४.२ व्होल्टपर्यंत सुमारे निम्मेच निघते, म्हणून १४० धरू. त्या हिशोबाने २८.६ ग्रॅम ऑक्साइड लागते आणि त्यात एकूण २ ग्रॅम लिथियम असते. एक ग्रॅम प्रवास करते आणि एक ग्रॅम थरांना धरून ठेवण्यासाठी घरीच राहते. ते वाया गेलेले नाही. घर उभे राहते ते त्याच्याच आधारावर.

ग्राफाइट किमान ११ ग्रॅम लागेल. प्रत्यक्षात ते थोडे जास्तच घालतात, जेणेकरून काठोकाठ भरण्याची वेळ येऊ नये. अलीकडचे फोन ४.४ व्होल्टच्या आसपास भरतात आणि निम्म्याहून अधिक लिथियम बाहेर काढतात. ते जमते कारण कणांवर पातळ लेप दिलेला असतो आणि स्फटिकात इतर मूलद्रव्यांचे थोडे अणू मिसळलेले असतात.

कोबाल्टऐवजी निकेल वापरले तर काय फरक पडतो?

निकेलप्रधान ऑक्साइडमधून जास्त लिथियम काढता येते, म्हणून वाहनांच्या बॅटरींत ते लोकप्रिय झाले. त्याची एक खास अडचण आहे. दोन धनभार असलेल्या निकेलची त्रिज्या ०.६९ अँगस्ट्रॉम आणि लिथियम आयनाची ०.७६. आकार इतके सारखे असल्यामुळे निकेल कधीकधी लिथियमच्या थरात जाऊन बसते, म्हणजे घरचीच माणसे पाहुण्यांच्या खोल्या अडवून बसतात. मग लिथियमची वाट अडते. साधारण ४.२ व्होल्टच्या आसपास या ऑक्साइडांचे थरही आकुंचन पावतात आणि तिथेही कणांना तडे जातात.

लिथियम आत शिरताना द्रवाचे रेणूही सोबत येतात का?

द्रवातून जाताना लिथियम आयन एकटा नसतो. साधारण चार द्रावक रेणू त्याला वेढून असतात. ग्राफाइटच्या कडेशी आल्यावर त्याने हा गोतावळा बाहेर सोडून एकट्याने आत जाणे अपेक्षित असते. प्रॉपिलीन कार्बोनेट हा द्रावक वापरला तर रेणूही आयनाबरोबर फटीत घुसतात. ०.३५ अँगस्ट्रॉमने उघडायची फट त्यांच्यामुळे कितीतरी जास्त ताणली जाते, आत वायू तयार होतो आणि ग्राफाइटचे पापुद्रे सुटतात.

इथिलीन कार्बोनेटची रचना प्रॉपिलीन कार्बोनेटसारखीच आहे, फक्त कार्बन-हायड्रोजनचा एक लहान गट त्यात कमी असतो. पण त्याचे वागणे वेगळे आहे. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्राफाइटच्या कडेला त्याचे विघटन होते आणि एक पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यातून लिथियमचा आयन जाऊ शकतो. द्रावक आणि इलेक्ट्रॉन जवळजवळ जाऊ शकत नाहीत. १९९० साली डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही क्रिया स्पष्ट केली. हा पापुद्रा बनवण्यात पहिल्या फेरीत साधारणतः पाच ते दहा टक्के लिथियम कायमचे अडकते. उंबरठ्यावरच्या या राखणदाराची किंमत मोठी आहे खरी, पण त्याच्याशिवाय ग्राफाइटचा घट टिकलाच नसता.

जानेवारीत पहाटे स्कूटर चार्ज करू नये असे का सांगतात?

ग्वाल्हेरच्या घरांसाठी या पानावरचा सर्वांत उपयोगाचा प्रश्न हाच आहे, कारण आपल्याकडे जानेवारीच्या धुक्यात पहाटेचे तापमान ५ अंशांच्या आसपास उतरते आणि स्कूटर अंगणात उभी असते.

गोतावळा सोडून उंबरठा ओलांडणे ही लिथियमच्या प्रवासातली सर्वांत संथ पायरी आहे. तिच्यासाठी लागणारी ऊर्जा मोलामागे सुमारे ५० किलोज्यूल धरली, तर २५ अंशांच्या तुलनेत ५ अंशांवर तिचा वेग जवळजवळ एक-चतुर्थांश होतो. चार्जर मात्र तेवढाच प्रवाह रेटत राहिला, तर तितकेच आयन आत ढकलण्यासाठी ग्राफाइटचे व्होल्टेज जास्त खाली ओढावे लागते. इथे वर सांगितलेला ०.०८५चा आकडा आठवावा. भरत आलेल्या ग्राफाइटचे व्होल्टेज शुद्ध लिथियमपेक्षा एवढेच वर असते. हा फरक संपून व्होल्टेज शून्याखाली गेले की लिथियमला आत जाण्यापेक्षा उंबरठ्याबाहेरच धातू म्हणून साचणे सोपे पडते.

साचलेल्या धातूपैकी काही नंतर हळूहळू आत जातो, काही द्रवाशी अभिक्रिया होऊन कायमचा गमावला जातो आणि काही ठिकाणी तो काट्यांसारखा वाढतो. असा काटा मधला सच्छिद्र पडदा भेदून पलीकडे पोहोचला तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते.

हे झाले आहे की नाही, ते घट न उघडता ओळखता येते. चार्जिंग थांबवून बॅटरी तशीच ठेवली की निरोगी घटाचे व्होल्टेज आधी झटकन आणि मग मंद गतीने, सलग उतरते. धातू साचला असेल तर त्या उतारात मध्येच एक लहानशी सपाटी दिसते, कारण बाहेर थांबलेले लिथियम तेव्हा आत शिरत असते. लगेच वापर सुरू केला तर हीच सपाटी सुरुवातीच्या काही मिनिटांत दिसते. प्रयोगशाळेत ती सहज टिपता येते. घरी मात्र कळते ते एवढेच, की एका हिवाळ्यात बॅटरीचा पल्ला नेहमीपेक्षा जास्त घटला.

उपाय साधे आहेत. बॅटरी काढता येत असेल तर ती रात्री घरात ठेवावी आणि खोलीच्या तापमानाला आल्यावरच चार्जर लावावा. काढता येत नसेल तर पहाटेऐवजी संध्याकाळी, गाडी फिरवून आणल्यावर आतले घट थोडे उबदार असतानाच चार्ज करावी. चार्जरला मंद गती असेल तर थंडीत तीच निवडावी. चांगल्या वाहनांतले नियंत्रक थंडीत प्रवाह आपोआप कमी करतात आणि शून्याखाली चार्जिंग अडवतात. तिथे गाडी बिघडली असे समजू नये.

आमच्या स्कूटरमध्ये लोह-फॉस्फेटची बॅटरी आहे. तिला हे लागू पडते का?

अर्धे लागू पडते. लोह-फॉस्फेट थरांचे नसते. त्यात लिथियम अरुंद बोगद्यांतून सरकते, म्हणून थर उघडण्या-मिटण्याची वरची चर्चा तिथे गैरलागू आहे. पण दुसऱ्या बाजूला सहसा ग्राफाइटच असते, आणि थंडीतला धोका पूर्णपणे ग्राफाइटच्या बाजूचा आहे. अनेक ई-रिक्षांत शिशाची बॅटरी असते; तिला या पानावरचे काहीच लागू नाही.

लिथियमच्या जागी सोडियम चालेल का?

ऑक्साइडच्या थरांत सोडियम छान राहते, पण ग्राफाइटमध्ये सोडियम नेहमीच्या परिस्थितीत जवळजवळ शिरतच नाही. आकार मोठा म्हणून, असे उत्तर मुले देतात. पण सोडियमहून मोठे असलेले पोटॅशियम ग्राफाइटमध्ये KC8 बनवून आरामात राहते. लिथियम कार्बनशी घट्ट जुळते आणि पोटॅशियम आपला इलेक्ट्रॉन सहज देते. सोडियम या दोन्ही बाबतींत मध्येच अडकते आणि आत राहणे त्याला परवडत नाही. म्हणून सोडियमच्या घटांत ग्राफाइटऐवजी थर विस्कळीत असलेला कठीण कार्बन वापरतात.

मे महिन्यात महिनाभर पुण्याला जायचे आहे. बॅटरी पूर्ण भरून ठेवावी का?

नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत ऑक्साइड सर्वाधिक रिकामे असते, त्याचे थर ताणलेले असतात आणि त्याच्या पृष्ठभागाशी द्रवाची अभिक्रिया वेगाने होते. पलीकडे भरलेल्या ग्राफाइटवरचा पापुद्राही उष्णतेत जाड होत जातो आणि प्रत्येक वाढीत थोडे लिथियम गिळतो. ग्वाल्हेरच्या ४५ अंशांच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू राहतात. म्हणून ४० ते ६० टक्के भरून, शक्य असल्यास बॅटरी काढून, घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवावी.

अगदी रिकामी करूनही ठेवू नये. गाडीची यंत्रणा बंद अवस्थेतही थोडी वीज घेत राहते. त्यामुळे घट मर्यादेच्या फार खाली गेला तर ग्राफाइटमधले शेवटचे लिथियमही निघून जाते आणि त्या बाजूचे व्होल्टेज तीन व्होल्टच्या पुढे चढते. तिथे ग्राफाइटच्या पाठीशी असलेला तांब्याचा पातळ पत्रा द्रवात विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगला तेच तांबे भलत्या जागी साचते आणि शॉर्ट सर्किट करू शकते. म्हणून परत आल्यावर बॅटरी पूर्ण मेलेली आढळली, तर कुठलाही साधा चार्जर लावून तिला ‘जागे’ करण्याचा प्रयत्न करू नये. ती सेवा केंद्राकडे द्यावी.